याकवरचा हर्षवर्धन

विरार पश्चिमेला, तिसऱ्या मजल्यावर, शांताराम तेंडोलकर आणि हर्षवर्धन गोडांबे समोरासमोर राहत. दार उघडून हात लांब केला तर समोरची बेल वाजवता यावी इतकं अंतर. तरीही दिवाळीच्या सुट्टीत सिक्कीम-दार्जिलिंगला जाऊन आलेल्या हर्षवर्धनने आपले फोटो ईमेलने पाठवले. आणि एकट्या शांतारामला नाही, रविवारच्या रमीच्या सगळ्या मंडळींना एकदम.

"समोरच्या दारातला माणूस मला ईमेल करतो!" शांताराम भडकला. "उद्या चहालाही मेलवरूनच बोलावेल."

"अहो, नवीन डिजिटल कॅमेरा आहे त्यांचा. कॉम्प्युटरशिवाय दिसणार कसे फोटो?" त्याची बायको मीरा मेथी निवडत म्हणाली.

ते खरं होतं, म्हणून शांताराम आणखी चिडला. पण त्याच्या रागाचं मूळ ईमेलमध्ये नव्हतं, ट्रिपमध्ये होतं. कारण ही ट्रिप त्याची होती. गेली कित्येक वर्षं दर रविवारी पत्ते पिसता पिसता तो ती मंडळींना तोंडपाठ सांगत आला होता. न्यू जलपायगुडीला उतरायचं, आधी दार्जिलिंग करायचं, मग गंगटोक, परमिट आदल्या दिवशी काढायचं, चांगू तळ्यावर सकाळीच पोचायचं, कारण दुपारनंतर ढग उतरतात. जायचं मात्र दर वर्षी राहून जाई. एकदा मुलीची, आर्याची दहावी आली, एकदा सासूबाईंचा मोतीबिंदू, एकदा छत गळायला लागलं. हर्षवर्धन तेव्हा हातातले पत्ते लावत नुसतं 'हं, हं' करायचा. शांतारामला वाटायचं, बिचाऱ्याला कंटाळा येतोय. बिचारा पाठांतर करत होता!

"एका शब्दाने विचारलं नाही. 'शांत्या, तुझी ट्रिप मी करू का?' एवढं विचारायला काय झालं होतं?"

"ट्रिपवर काय तुमचं नाव कोरलंय?" मीराने विचारलं.

आर्याने इंटरनेट लावलं. फोनची लाइन गुंतली, मोडेमच्या खोक्यातून खरखर आणि शिट्ट्या झाल्या आणि पहिला फोटो पडद्यावर वरून खाली, पट्टी-पट्टीने उतरू लागला. आधी आलं निळंशार आकाश. मग पांढरी शिखरं. शांतारामचा राग क्षणभर विझलाच. "कांचनजंगा," तो हळूच म्हणाला. तेवढ्यात शिखरांखाली हॉटेलचा कठडा आला आणि कठड्याला रेलून, सुतकी चेहरा करून उभा असलेला हर्षवर्धन आला.

"आला मध्ये कडमडायला!" शांताराम ओरडला.

एकूण नऊ फोटो होते. सगळे उतरेपर्यंत मेथी निवडून, चिरून, फोडणीला पडली होती. शेवटचा फोटो चांगू तळ्याचा होता. लाल जाकीट, माकडटोपी आणि काळा गॉगल घातलेला हर्षवर्धन एका झुलीने सजवलेल्या याकवर ऐटीत बसला होता. शांतारामने तो फोटो पाहिला आणि उठून गॅलरीत गेला. त्याच्या गॅलरीतून समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाक्या दिसत.

खरी पंचाईत पुढेच होती. उत्तर द्यायचं होतं. रमीतल्या कॉन्रॅडचं उत्तर आलंसुद्धा. कॉन्रॅडची वटारला केळीची वाडी होती आणि वालीवला लोखंडी ग्रिलं बनवायचा कारखाना. त्याने एकच शब्द लिहिला होता, 'मस्त.' कॉन्रॅडला ते चालून जात होतं. तो पोराच्या लग्नालाही 'मस्त' एवढंच म्हणाला असता. पण शांताराम हा हर्षवर्धनचा पंधरा वर्षांचा मित्र. त्याच्या आईला दवाखान्यात नेताना रिक्षाच्या पुढच्या सीटवर बसून गेलेला. त्याने गप्प बसणं म्हणजे जळणं. नुसतं 'मस्त' म्हणणं म्हणजेही जळणंच. आणि आपण जळतोय हे त्या माणसाला कळता कामा नये, यावर शांताराम ठाम होता. मैत्री राहील की जाईल, हे आता त्या चार ओळींवर होतं.

दोन दिवस तो हर्षवर्धनला चुकवत राहिला. समोरचं दार वाजलं की हा आत थांबे. गंमत अशी, की हर्षवर्धनही कुठे दिसत नव्हता. एकदा तर जिन्यात शांतारामला पाहून तो काहीतरी विसरल्यासारखं करून पुन्हा वर गेला. "बघ, माज आलाय," शांताराम घरी येऊन म्हणाला. "बर्फ बघून आला ना, आता आम्ही दिसणार नाही."

तिसऱ्या दिवशी तो लिहायला बसला. आर्या इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करणार होती, मीरा चहाचा कप घेऊन परीक्षक म्हणून बसली.

"लिही," शांताराम म्हणाला. "प्रिय हर्षवर्धन, फोटो अप्रतिम, अद्वितीय, अविस्मरणीय. डोळ्यांचं पारणं फिटलं. तुझ्यासारखा छायाचित्रकार होणे नाही."

"बाबा, पाचव्या फोटोत काकांचं बोट आलंय."

"सत्कार समारंभ आहे का?" मीरा म्हणाली. "तुम्ही आयुष्यात कधी त्यांना 'अद्वितीय' म्हणालात? एवढं गोड बोललात की त्यांना लगेच कळेल, आत काहीतरी आंबट आहे."

ते खोडलं. दुसरा मसुदा असा झाला: 'फोटो छान आहेत. पण टायगर हिलच्या फोटोत सूर्य बराच वर आलेला दिसतो, पहाटे आणखी लवकर निघायला हवं होतं. पण असो, तुम्हाला सवड मिळाली हे बरं झालं. आम्हाला काय, वालीवच्या कारखान्यांचा धूर आणि विरारची डासांची फौज, हेच आमचं थंड हवेचं ठिकाण. एकूण खर्च किती आला?'

मीराने कप खाली ठेवला. "आता ऐका. हे 'पण' आधी काढा. कौतुकापुढे 'पण' आला की पुढचं तेवढंच लक्षात राहतं. सूर्य किती वर आला ते सांगायला ते परीक्षेला बसले नव्हते. डास काढा. फोटो त्यांचे आहेत, आपलं रडगाणं कशाला? आणि खर्च विचारलात की दुसऱ्या मिनिटाला ओळखतील."

"मग राहिलं काय?"

"'प्रिय हर्षवर्धन' राहिलं," आर्या म्हणाली.

शांताराम खुर्ची मागे सरकवून उठला. "एक तर माझी ट्रिप चोरायची, वर मी शाबासकी द्यायची, आणि तीही मनापासून! हा कुठला न्याय?"

"मनापासून नको तर नका देऊ," मीरा शांतपणे म्हणाली. "एवढंच सांगा, या नऊ फोटोंत तुम्हाला खरंच आवडलेला एखादा आहे का? नसेल तर 'मस्त' लिहा आणि जेवायला बसा."

शांताराम चरफडत पुन्हा पडद्यासमोर बसला. एकेक फोटो पुन्हा उघडला. हॉटेलचा कठडा, बाजार, मठ, पुन्हा बाजारात केशरी टोपी घातलेली त्याची बायको उन्नती, दारातला कुत्रा. आणि याक. त्याच्यापाशी तो थांबला. त्याला हर्षवर्धन फोटोत कसा उभा राहतो ते ठाऊक होतं. बारशाचा फोटो असो की बढतीचा, हा आपला खांदे पाडून, कोणी गेल्यासारखा. आणि इथे? पाठ ताठ, एक हात कमरेवर, दुसरा हात हवेत, टोपी आणि गॉगलमधून दिसेल तेवढं तोंड उघडून हसणं. शांतारामला नकळत हसू आलं.

"हा आवडला," तो म्हणाला. ते खरं होतं. त्यालाच त्याचं नवल वाटलं.

"मग त्यात जे दिसलं तेच लिहा. सगळ्या फोटोंवर फुलं उधळू नका, एकावरच बोला. आणि शेवटी काहीतरी विचारा, सांगताना त्यांना मजा येईल असं. लोक फोटो पाठवतात ते पुढे कोणीतरी विचारावं म्हणून."

मग उत्तर झालं ते असं:

'हर्ष्या, फोटो सगळे पाहिले, काही दोनदा पाहिले. याकवरचा तर कितीदा पाहिला सांगत नाही. पंधरा वर्षं तुला फोटोत मेलेल्या चेहऱ्याने उभा राहिलेला बघतोय, पण याकवर काय ताठ बसलायस रे! कमरेवर हात, राजासारखा. तुला एवढा खूश मी कधी पाहिला नव्हता. खरं सांगू, थोडा जळलो. याकवर चढताना काय वाटलं? आणि तळ्याजवळ उतरल्यावर सगळ्यात आधी कसला आवाज आला? भेटलास की सगळं ऐकायचं आहे. उन्नतीवहिनींना सांग, केशरी टोपी छान दिसते. – शांत्या.'

"'थोडा जळलो' काढू?" त्याने विचारलं.

"तेच ठेवा," मीरा म्हणाली. "एकदाच आणि हसत म्हटलंत. लपवून ठेवलंत तर बाकीच्या सगळ्या ओळींना वास लागेल त्याचा."

पत्र गेलं. फक्त शांतारामने त्यात स्वतःची थोडी भर घातली, आर्याला सांगून ते सगळ्या मंडळींना पाठवलं. आपण किती मोठ्या मनाचे आहोत, हे निदान चार लोकांना दिसायला हवं होतं. त्या रात्री तो दुसऱ्यांदा भात घेऊन जेवला.

हर्षवर्धनचं उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मात्र कॉन्रॅडचा फोन आला.

"शांताराम, काय लिवलंस रे बाबा! मी फोटो नीट बघितलाच नव्हता. तुझं वाचून परत उघडला. च्यायला, खरंच राजा! मी तो मोठा करून आणलाय वसईवरनं, दारभर. फ्रेम माझ्या कारखान्यातच करतो. रविवारी हर्ष्याच्या घरी नेऊ, त्याच्या हॉलमध्ये ठोकू."

शांताराम फोन ठेवून मीराकडे वळला. "म्हणजे आता माझ्या ट्रिपचा त्याचा फोटो मी रोज बघायचा! त्यांचं दार उघडलं की समोर याक!"

"तुम्हीच केलंत ना कौतुक," मीरा म्हणाली.

शनिवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात हर्षवर्धन होता. डोळे लाल, केस विस्कटलेले, आणि आवाज असा की खालच्या मजल्यावर दार उघडल्याचं ऐकू आलं.

"कोणी सांगितलं तुला? खरं बोल. उन्नतीने सांगितलं की नाही?"

"काय सांगितलं?"

"साळसूदपणा पुरे! 'काय ताठ बसलायस, एवढा खूश कधी पाहिला नव्हता, चढताना काय वाटलं.' टोमणे मारायचेच होते तर तोंडावर मारायचे होते. वर सगळ्यांना पाठवलंस! कॉन्रॅडचा फोन आला. तो फ्रेम करतोय, फ्रेम! माझ्या घरात, माझ्या भिंतीवर, त्या माणसाला टांगणार तुम्ही!"

"कोणत्या माणसाला?"

हर्षवर्धनने शांतारामच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि त्याच्या लक्षात आलं की या माणसाला खरंच काही माहीत नाही. तो सोफ्यावर मटकन बसला. मीराने पाणी आणून दिलं.

"तो मी नाही," तो ग्लासात बघत म्हणाला. "ड्रायव्हर आहे."

हर्षवर्धनने पाणी एका घोटात संपवलं.

"सिलिगुडीपासून घाट सुरू झाला आणि मी जो ओकायला लागलो, तो दार्जिलिंगपर्यंत. मग ठरवलं, आता काही झालं तरी जीपमध्ये बसायचं नाही. टायगर हिलला उन्नती गेली. मी हॉटेलात. गंगटोकला नेलं ते आडवं टाकून नेलं. तिथेही हॉटेलात. चांगूला ती निघाली तेव्हा मी माझं जाकीट, टोपी, गॉगल सगळं तिच्या हातात दिलं. म्हटलं, त्या ड्रायव्हरला घाल आणि याकवर बसव."

"अरे पण कशाला?"

"कशाला?" हर्षवर्धनचा आवाज पुन्हा चढला. "तुझ्यामुळे! दर रविवारी तू ते तळं डोळ्यासमोर उभं करायचास. आम्ही म्हटलं, आपण बघून येऊ, आणि आल्यावर शांत्याला सांगू, तू म्हणतोस तस्संच आहे. परत येऊन तुला काय सांगणार होतो? की तुझ्या कांचनजंगाच्या खाली मी दोन रजया घेऊन भिंतीकडे तोंड करून झोपलो होतो?"

मीराचा जीव कळवळला. शांतारामचाही कळवळायला हवा होता, आणि थोडा कळवळलाही. पण त्याच्याआधी दुसरंच काहीतरी वर आलं.

"चोरलीस ती चोरलीस," तो उभा राहून म्हणाला, "आणि वाया घालवलीस! माझी ट्रिप! निदान नीट तरी करायची होती! याकवर बसला कोण, तर ड्रायव्हर! त्याच्या दारात याक असतील दहा! आणि मी त्या ड्रायव्हरवर जळलो! त्या ड्रायव्हरला मी मनापासून पत्र लिहिलं!"

"अहो," मीरा म्हणाली.

"तू थांब. एक ओळ लिहायला तीन दिवस लागले मला!"

"ओरड, ओरड," हर्षवर्धन म्हणाला. "पण उद्याचं काय? कॉन्रॅड फ्रेम घेऊन येणार आणि सांग म्हणणार. मला तळ्याचा रंगही माहीत नाही."

तेव्हा शांताराम खाली बसला. मित्राकडे बघून त्याला वाटलं, हा इतके दिवस मला चुकवत होता आणि मी त्याला. दोघं दोन दारांआड एकमेकांपासून लपत होतो. "हिरवट निळा," तो नाखुशीने म्हणाला. "कडेला पातळ बर्फ धरतो. आणि याकवाला आधी खोगीर आवळतो, मग तुझा पाय धरून वर ढकलतो. लक्षात ठेव."

रविवारी फ्रेम आली. कॉन्रॅडने लोखंडी पट्टीची, भक्कम, चारही कोपऱ्यांना वेल काढलेली अशी बनवली होती की बँकेच्या खिडकीला शोभली असती. दोघांनी धरून ती हॉलमध्ये टांगली. रमीला येणारा अर्नाळ्याचा काळूराम भाजीची पिशवी घेऊन आला होता, तो फोटोपुढे बराच वेळ उभा राहिला.

"हर्षवर्धनशेठ, ते पानी लय थंड असंल ना?"

"हो. हिरवट," हर्षवर्धन म्हणाला.

"आन् याकवर बसल्यावर?"

"खोगीर," हर्षवर्धन म्हणाला आणि थांबला. त्याच्या कपाळावर घाम आला. उन्नती स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती. हसत होती की रडत होती, ते कळत नव्हतं.

"अरे, सांग ना!" कॉन्रॅड म्हणाला. "एवढा राजासारखा बसलाय आणि तोंडातून शब्द निघत नाय."

शांतारामला ते बघवेना. "अरे, तो बोलणारा आहे का? मी सांगतो," तो म्हणाला, आणि सुरू झाला. जीप कशी पहाटे निघते, वळणावर दरी कशी उघडते, तळ्यावर पोचल्यावर आधी गाडीच्या इंजिनाचा आवाज थांबतो आणि मग याकच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येतात, पातळ हवेत दोन पावलं चाललं तरी धाप कशी लागते. पत्ते तसेच पडून राहिले. काळूराम तोंड उघडं टाकून ऐकत होता. उन्नती पुढे येऊन खुर्चीवर बसली आणि मध्येच म्हणाली, "हो, हो, अगदी अस्संच. भावजी, घंटा खरंच तशाच वाजतात." मीराला तो आवाज ऐकून भरून आलं.

संपल्यावर कॉन्रॅडने शांतारामच्या पाठीवर थाप मारली. "ट्रिप करावी तर तुझ्यासारखी. हर्ष्या, तू नुसता बसून आलास रे!" सगळे हसले. जाताना काळूरामनेही वांगी शांतारामच्याच हातात दिली.

मंडळी गेल्यावर हर्षवर्धन दोन दारांमधल्या जागेत आला. दार त्याने मुद्दाम ओढून घेतलं.

"ओकाऱ्या मी काढल्या," तो दबक्या आवाजात, पण संतापाने म्हणाला. "जाकीट माझं, सुट्टी माझी, भिंत माझी. आणि वाहवा तुझी! वांगीसुद्धा तुला!"

"मग काय करायला हवं होतं मी? तू खोगिरावर अडकला होतास."

"थोडं कमी सांगायचंस. त्या घंटा कशाला घातल्यास? उन्नती माझ्यासमोर तुझ्याशी बोलत होती, जणू तूच तिच्याबरोबर गेला होतास." तो थांबला. "एक खरं सांग. त्या मेलमध्ये लिहिलं होतंस ते खरं होतं का? जळलो म्हणून?"

"खरं होतं. थोडा नाही, बराच."

"आणि आता?"

शांतारामने स्वतःला विचारून पाहिलं. आत शोधलं, पण काही सापडलं नाही.

"आता नाही," तो म्हणाला.

"का?"

"आता तू जळतोयस ना. एका मजल्यावर दोघांनी कशाला?"

हर्षवर्धनने दार उघडलं, आत जाऊन ते दाणकन आपटलं. शांताराम वांगी धरून तिथेच उभा राहिला. जरा वेळाने दार पुन्हा किलकिलं झालं आणि फटीतून हर्षवर्धनचं डोकं बाहेर आलं.

"शांत्या, ती घाटातली वळणं... रस्त्याने न जाता तिथे जायची काही सोय आहे का रे?"

"आहे. दार्जिलिंगपर्यंत छोटी रेल्वे जाते. दिवसभर घेते, पण पोट ढवळत नाही म्हणतात."

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"दर रविवारी सांगत होतो," शांताराम ओरडला. "तू पत्ते लावत होतास!"